पगार किती, हजेरी कुठे, घरून म्हणजे किती दिवस?

‘अर्जंट हायरिंग! बॅक ऑफिस एक्झिक्युटिव्ह. कोणतीही पदवी चालेल. पगार : बेस्ट इन इंडस्ट्री. ठिकाण : पुणे/रिमोट. इच्छुकांनी बायोडाटा पाठवावा.’ खाली एक मोबाइल नंबर आणि दोन-तीन रॉकेटची चिन्हं. अक्कलकुवा, तळोदा, शहादा भागातल्या पदवीधर पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अशा जाहिराती सतत फिरत असतात. जाहिरातीत नेमकं कळतं ते एवढंच की फोन नंबर दहा आकडी आहे. कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही, आणि ‘पुणे’ व ‘रिमोट’ यांच्यामध्ये एक तिरकी रेघ आहे. त्या रेघेचा अर्थ ‘किंवा’ घ्यायचा की ‘आणि’, हे जाहिरात टाकणाऱ्यालाच ठाऊक.

मणिबेलीच्या एका बी.एस्सी. झालेल्या तरुणाने अशाच एका जाहिरातीला दोन शब्दांत उत्तर दिलं : ‘इंटरेस्टेड सर.’

मणिबेली म्हणजे नर्मदेकाठी, तीन राज्यांच्या सीमा जवळ येतात तिथलं अक्कलकुवा तालुक्यातलं गाव. महाराष्ट्र विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ अक्कलकुवा आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेलीचं, म्हणून निवडणुका आल्या की हे नाव वर्तमानपत्रांत येतं. एरवी ते आठवतं सरदार सरोवरामुळे. धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातलं सर्वांत आधी आलेलं गाव हेच. काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली, काही तळोदा तालुक्यात सोमावलला, काही डोंगरावर जरा वर सरकून तिथेच राहिली. तिथून पुण्याला जायचं तर आधी मोलगी, मग अक्कलकुवा, मग नंदुरबार आणि तिथून रात्रीची एसटी. सगळ्या गाड्या वेळेवर मिळाल्या तर.

दुसऱ्या दिवशी फोन आला. बाई गोड बोलणाऱ्या होत्या. ‘प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालंय, सोमवारी अकराला इंटरव्ह्यू, ओरिजिनल कागदपत्रं घेऊन या.’ पगाराचं विचारायचं त्याच्या मनात आलं होतं, पण पहिल्याच फोनवर पैशाचं काढलं तर बरं दिसत नाही, असं कॉलेजातल्या कोणी तरी सांगितलेलं. तो गेला. मुलाखत पुण्यात शिवाजीनगरच्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत झाली. ती कंपनी नव्हती, माणसं पुरवणारी संस्था होती. काम चाकणच्या एका गोदामात होतं, पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर, आठवड्याआड रात्रपाळी. संगणकावर माल आला-गेला याच्या नोंदी करायच्या, म्हणून ‘बॅक ऑफिस’. रिमोटचं काय, असं विचारल्यावर समोरचा गृहस्थ हसून म्हणाला, ‘सहा महिने परफॉर्मन्स बघू, मग मॅनेजरच्या हातात आहे.’ पगार म्हणाल तर ‘अडीच ते तीन लाखांचं पॅकेज, अनुभवानुसार’. अनुभव शून्य. राहायची सोय स्वतःची.

तो परत आला. भाडं गेलं, मधल्या दिवसांची मजुरी बुडाली. फसवणूक म्हणावी तर तशी ती नव्हती, कारण नोकरी खरी होती. पण घरी बसून जे पाच ओळींत कळलं असतं, ते कळायला त्याला महाराष्ट्राच्या एका टोकाहून थेट पुण्यापर्यंत जावं लागलं.

त्याचा काका गुजरातेत ऊसतोडीला जाऊन आलेला. तो वैतागून म्हणाला, ‘अरे, मुकादमाला आम्ही पण विचारतो. कारखाना कोणता, पडाव कुठे, टनाला किती, उचल किती कापणार. तू तर शिकलेला.’

या काकाच्या बोलण्यात सगळा विषय आला. नंदुरबारच्या डोंगरातून दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जाणारी टोळी कधीही नुसतं ‘उत्तम मोबदला’ ऐकून ट्रकमध्ये चढत नाही. कोयत्याचा हिशेब, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा, टनावर ठरतो. उचल किती घेतली आणि ती कशी फिटणार हे ठरतं. पडाव, म्हणजे मुक्कामाची जागा, कोणत्या गावाच्या शिवारात असेल हे विचारलं जातं. मुकादम पुढे शब्द पाळतोच असं नाही, तो भाग निराळा. पण प्रश्न विचारण्यात कोणाला संकोच वाटत नाही. पदवी हातात आली की मात्र हेच प्रश्न असभ्य वाटू लागतात, हे मोठं नवल आहे.

कायद्यालाही हे प्रश्न कधी असभ्य वाटले नाहीत. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली झालेल्या कायद्यात कंत्राटदाराने प्रत्येक कामगाराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं, असं कलम होतं. त्यात काय लिहायचं तेही ठरवून दिलेलं : आस्थापनेचं नाव आणि ठिकाण, कामाचा कालावधी, मजुरीचा दर आणि ती देण्याची पद्धत, विस्थापन भत्ता, परतीचं भाडं, होणाऱ्या कपाती. ऊसतोड टोळ्यांच्या हातात ते पासबुक किती दिसलं हा प्रश्न विचारू नये. पण नोकरी देणाऱ्याने आधी काय सांगायला हवं, याची इतकी नेमकी यादी आजच्या कुठल्याही चकचकीत जाहिरातीत सापडत नाही. आता हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने प्रत्येक कामगाराला लेखी नियुक्तिपत्र देणं बंधनकारक केलं. जाहिरातीत पगार छापलाच पाहिजे, असं मात्र आपल्याकडचा कायदा खासगी कंपन्यांना सांगत नाही.

सरकारी जाहिरातीची सवय झालेल्या मुलांचा इथेच गोंधळ होतो. २०२३ च्या तलाठी भरतीची जाहिरात ४,६४४ पदांची होती, आणि तिच्यात वेतनश्रेणी सरळ छापलेली : एस-८, २५,५०० ते ८१,१००. जिल्हानिहाय जागा दिलेल्या, पेसा क्षेत्रातल्या वेगळ्या दाखवलेल्या. तिथे उमेदवाराला काही विचारावं लागत नाही. खासगी जाहिरातीत तीच माहिती मागून घ्यावी लागते, आणि मागितली तर बहुतेक वेळा मिळते. ती आधीच का दिलेली नसते?

या प्रश्नाचं उत्तर प्रस्तुत लेखकाला थोडंफार ठाऊक आहे, कारण त्याने काही काळ नाशिकच्या एका नोकरभरती संस्थेत अशाच जाहिराती लिहिण्याचं काम केलं आहे. कंपनी अनेकदा सांगते की आकडा छापू नका, आमच्याच जुन्या माणसांनी पाहिला तर ते उद्या वाढ मागायला येतील. कधी कंपनीने कमाल रक्कम दिलेली असते, पण कमीत माणूस मिळाला तर बरं म्हणून ती झाकून ठेवली जाते. कधी भरती करणाऱ्यालाच पूर्ण माहिती नसते. त्याला चार ओळींचा निरोप आलेला असतो आणि तो तसाच पुढे ढकललेला असतो. काही वेळा जागा अजून मंजूरच नसते, नुसते बायोडाटे जमवून ठेवायचे असतात. आणि काही वेळा जागाच नसते, फक्त जाळं असतं. बाहेरून ही पाचही कारणं सारखीच दिसतात. प्रश्न विचारल्यावर ती वेगळी होतात, म्हणून विचारायचं.

अशा संस्थेला पैसे कंपनीकडून मिळतात, साधारण निवड झालेल्या माणसाचा महिन्याभराचा पगार किंवा त्याच्या आसपास. म्हणजे उमेदवार रुजू झाला आणि टिकला, तरच तिची कमाई. तीन दिवसांत पळून जाणारा माणूस तिलाही नको असतो. नेमके प्रश्न विचारणाऱ्या उमेदवारावर खरी संस्था चिडत नाही, उलट सुटकेचा श्वास टाकते. रोज शंभर ‘इंटरेस्टेड सर’ वाचणाऱ्याला एखादा माणूस शुद्धीवर असलेला दिसतो.

निरोप छोटा हवा. भरती करणारा तो मोबाइलवर, दुसऱ्या फोनवर बोलता बोलता वाचणार असतो. ‘पुढे वाचा’ दाबावं लागलं तर अर्धा निरोप न वाचलेलाच राहतो. आधी दोन ओळींत आपण कोण आणि कुठे, मग तीन प्रश्न, शेवटी बोलायला कधी मोकळे. त्या तरुणाने पुढच्या वेळी, नाशिकच्या एका जागेसाठी, पाठवलेला निरोप असा होता :

‘नमस्कार मॅडम. बॅक ऑफिसच्या जागेबद्दल लिहितो आहे. मी बी.एस्सी., मराठी-हिंदी टायपिंग आणि एक्सेल येतं, सध्या अक्कलकुवा तालुक्यात राहतो. बायोडाटा पाठवण्याआधी तीन गोष्टी कळाव्यात :
१. महिन्याला हातात साधारण किती ते किती मिळेल? यात बदलता भाग किती?
२. रोजची हजेरी नेमकी कुठे? त्या जागेचा पिनकोड आणि पाळी कळली तर बरं.
३. घरून काम पहिल्या दिवसापासून आहे का, आठवड्यातून किती दिवस, आणि लॅपटॉप कंपनी देते का?
संध्याकाळी पाचनंतर फोनवर बोलू शकतो.’

सगळा निरोप एका स्क्रीनमध्ये मावतो. यात आर्जव नाही आणि गुरकावणंही नाही. ‘माझी अपेक्षा अमुक’ असंही नाही, कारण पहिला आकडा आपण बोललो की समोरचा त्याच्या खालीच थांबतो. इंग्रजीत लिहायचं तरी सांगाडा हाच ठेवावा. इंग्रजी तुटकं असलं तरी चालतं, प्रश्न मात्र तुटक नकोत.

पहिला प्रश्न ‘पॅकेज किती’ असा न विचारता ‘हातात किती’ असा का, हे एका हिशेबाने कळेल. समजा उत्तर आलं, ‘तीन लाख वार्षिक’. बाराने भागलं की पंचवीस हजार. घरचे खूश. आता त्यातून एकेक काढत जाऊ. दहा टक्के ‘व्हेरिएबल’, म्हणजे काम बघून वर्षाअखेर मिळालं तर मिळालं : महिन्याचे अडीच हजार गेले. मूळ वेतन साडेबारा हजार धरलं, तर त्याच्या बारा टक्के कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा दीड हजार, तो पॅकेजमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, सुमारे सहाशे. कर्मचारी विमा योजनेचा कंपनीचा सव्वातीन टक्के हिस्सा, सुमारे साडेसहाशे. उरले साधारण पावणेवीस हजार. हा झाला पगारपत्रकावरचा एकूण पगार. त्यातून पुन्हा आपला भविष्यनिर्वाह हिस्सा दीड हजार, विमा योजनेचे दीडशे, व्यवसाय कराचे दोनशे. हातात येतात सतरा हजार नऊशेच्या आसपास.

पंचवीस आणि अठरा यांच्यामधलं अंतर ही लबाडी नाही. भविष्यनिर्वाह निधी आपलाच आहे, विमा योजनेचा दवाखाना आजारपणात खरोखर उपयोगी पडतो. पण चाकणला किंवा सातपूरला खोली भाड्याने घेताना घरमालक निधी मोजून घेत नाही. खोली, डबा, जाण्या-येण्याचा खर्च आणि घरी पाठवायचे पैसे यांचा हिशेब अठरावर मांडायचा असतो. आणि ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर मिळणारी गोष्ट आहे. एका वर्षात नोकरी बदलणाऱ्याच्या पॅकेजमध्ये ती फक्त शोभेला असते.

उत्तरात ‘अॅज पर कंपनी नॉर्म्स’ आलं तर एकदाच, न चिडता परत विचारावं : ‘बरोबर आहे, पण साधारण रेंज सांगता आली तर मला घरी ठरवता येईल.’ समोरून उलटा प्रश्न येतो, ‘तुमचा सध्याचा पगार किती?’ पहिली नोकरी शोधणाऱ्याला उत्तर सोपं आहे. ज्याची आधी नोकरी झालेली आहे त्याने खोटा आकडा सांगू नये, कारण पुढे पगाराच्या पावत्या मागतात. ‘या जागेला तुमची जी तरतूद आहे ती कळली तर त्यात बसतो का सांगतो’ असं म्हणायला हरकत नसते. युरोपीय संघाने २०२३ साली काढलेल्या निर्देशानुसार तिथे हा प्रश्न विचारायलाच बंदी येते आहे. मुलाखतीआधी उमेदवाराला पगाराची मर्यादा कळवणंही बंधनकारक ठरतं, आणि सदस्य देशांना त्यासाठी ७ जून २०२६ ची मुदत दिलेली आहे. पहिल्याच निरोपात पैशाचं विचारू नये असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

ठिकाणाच्या प्रश्नात पिनकोड मागण्याची युक्ती साधी आहे, पण ती खूप काही उघड करते. जाहिरातीतलं ‘पुणे’ प्रत्यक्षात चाकण, रांजणगाव, तळेगाव असू शकतं. ‘नाशिक’ सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत निघतं, ‘मुंबई’ भिवंडीच्या गोदामांत. लिहिणाऱ्याने मोठ्या शहराचं नाव लिहिलं कारण लोक तेच शोधतात. ‘ऑफिस कुठे’ असं विचारलं तर मुलाखतीच्या खोलीचा पत्ता मिळतो, म्हणून ‘हजेरी कुठे’ असं विचारायचं. माणसं पुरवणाऱ्या संस्थेत तर पगार देणारी कंपनी एक आणि काम करून घेणारी दुसरी असते. तेव्हा ‘मी कोणाच्या पगारपत्रकावर असेन?’ हा अर्ध्या ओळीचा प्रश्न दुसऱ्या फोनला जरूर जोडावा. कंपनीचं नाव मिळालं की भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या epfindia.gov.in या संकेतस्थळावर आस्थापना शोधता येते. निधीचे पैसे कोणकोणत्या महिन्यांत भरले आणि किती माणसांचे भरले, हे तिथे दिसतं. ‘पाचशेची टीम’ म्हणणाऱ्या कंपनीचा निधी अकरा जणांचा भरलेला दिसला, तर मुलाखतीला काय विचारायचं हे वेगळं सांगायला नको. फार लहान किंवा अगदी नवी आस्थापना तिथे सापडणारही नाही. त्यावरून लगेच ती बनावट ठरत नाही, फक्त बाकीची चौकशी जास्त करावी लागते.

मणिबेलीसारख्या गावातून विचारणाऱ्याला तिसऱ्या प्रश्नाची गरज सर्वांत जास्त. घरून काम हा इथे नोकरीसाठी स्थलांतर न करण्याचा एकमेव मार्ग वाटतो, आणि म्हणून त्या शब्दाला पोरं सर्वांत आधी भुलतात. पण त्याच्या पोटात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी असतात. पूर्ण वेळ घरून, कुठूनही. घरून, पण महिन्यातून एक आठवडा कार्यालयात. घरून, पण कार्यालयाच्या शहरातच राहून. प्रशिक्षणाचे तीन महिने कार्यालयात आणि मग बघू. शिवाय ‘रिमोट’ म्हणून सुरू झालेलं काम एका ईमेलने कार्यालयात परत बोलावलं जाऊ शकतं, हे करोनानंतर बड्या बड्या कंपन्यांत घडलं. म्हणून ‘आहे का’ असं न विचारता ‘पहिल्या दिवसापासून का, किती दिवस’ असं विचारायचं.

आणि स्वतःची बाजूही लपवू नये. डोंगरात रेंज एका टेकाडावर असते आणि दुसऱ्यावर नसते, पावसाळ्यात वीज जाते. नऊ तास लॉग-इन राहायचं काम अशा घरातून होत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात दोनदा संपर्क तुटला की भरती करणारी संस्थाही तोंडघशी पडते. त्या तरुणाने ‘मी काम अक्कलकुव्यात नातेवाइकाच्या घरून करेन, तिथे ब्रॉडबँड आहे’ असं दुसऱ्या निरोपात स्वतःहून कळवलं. तेवढ्या एका वाक्याने पलीकडचा सूर बदलला.

घरून कामाची आणि पगाराची गाठ किती घट्ट असते, याचा एक मजेदार किस्सा अमेरिकेतला आहे. कोलोराडो राज्यात १ जानेवारी २०२१ पासून जाहिरातीत पगाराची मर्यादा छापणं सक्तीचं झालं. तेव्हा काही कंपन्यांनी ‘हे काम देशात कुठूनही करता येईल, फक्त कोलोराडोतून नाही’ अशा जाहिराती काढल्या. पगार सांगण्यापेक्षा एक आख्खं राज्य वगळणं त्यांना स्वस्त वाटलं! अशी सूट चालणार नाही, हे राज्याच्या कामगार खात्याला स्पष्ट करावं लागलं. पगाराचं विचारल्यावर नाशिकची एखादी संस्था जरा घुटमळली, तर एवढं मनाला लावून घेऊ नये ते यासाठी.

घुटमळणं वेगळं आणि टाळणं वेगळं. ‘क्लायंटला विचारून उद्या सांगते’ हे घुटमळणं झालं, आणि उद्या उत्तर येतंही. ‘ते सगळं ऑफिसला आल्यावर’ हे टाळणं, तेव्हा गाडीचं तिकीट काढायचं नाही. आणि तिसरा एक प्रकार आहे, ज्यात तिन्ही प्रश्नांची उत्तरं झटक्यात आणि फारच छान येतात : घरून काम, रोज दोन तास, महिन्याला चाळीस हजार, फक्त आधी ‘रजिस्ट्रेशन’चे पंधराशे भरा. किंवा टेलिग्रामवर या, व्हिडिओ लाइक करा, पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखर जमा होतात, मग मोठ्या ‘टास्क’साठी आपले पैसे अडकवायला सांगतात. वर सांगितलंच आहे की खऱ्या भरतीत पैसे कंपनी देते. उमेदवाराकडून पैसे मागितले की संभाषण तिथेच थांबवावं. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तासा-दोन तासांत फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तर आली.

आधार कार्डाचंही तसंच. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, म्हणून या जिल्ह्याला त्या कार्डाचं थोडं अधिक कौतुक असेल. पण बायोडाटाबरोबर आधार, पॅन, बँक पासबुकाचा फोटो पाठवायचं काही कारण नसतं. ते नेमणूक झाल्यावर लागतं. फारच आग्रह झाला तर शेवटचे चारच अंक दिसणारं ‘मास्क्ड’ आधार uidai.gov.in वरून काढून द्यावं.

ठिकाण विचारलं नाही, किंवा उत्तर तपासलं नाही, तर प्रकरण कुठवर जाऊ शकतं याची उदाहरणं गेल्या काही वर्षांत पुढे आली. थायलंडमध्ये डेटा एंट्री, डिजिटल मार्केटिंग, भरघोस पगार, तिकीट आमचं, अशा जाहिराती समाजमाध्यमांवर फिरल्या. २४ सप्टेंबर २०२२ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल जाहीर इशारा दिला. थायलंडला उतरलेल्या मुलांना सीमा ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडी भागात नेलं जात होतं. तिथे त्यांना कोंडून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जाई. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने साठहून अधिक जणांची सुटका केली आणि भरती करणाऱ्या काही जणांना अटक केली. या मुलांनी पगार विचारला नसेल असं नाही. पगार तर आधीच ठळक अक्षरांत सांगितलेला होता. हजेरी ज्या ठिकाणी लागणार होती, ते मात्र जाहिरातीत कुठेच नव्हतं. परदेशी नोकरीत म्हणूनच एक चौथा प्रश्न वाढतो : ‘तुमच्या संस्थेचा परदेशी भरतीचा नोंदणी क्रमांक काय?’ तो परराष्ट्र मंत्रालयाच्या emigrate.gov.in वर पडताळता येतो. नोंदणी असलेला एजंट उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. पर्यटक व्हिसावर चला, काम तिथे गेल्यावर बघू, असं कोणी म्हणालं तर त्याला नंबर विचारायचीही गरज उरत नाही.

नाशिकच्या त्या निरोपाला उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. हातात सोळा ते अठरा हजार, बदलता भाग नाही. हजेरी अंबडला, दिवसपाळी. पहिले दोन महिने रोज कार्यालयात, नंतर आठवड्यातून तीन दिवस घरून. लॅपटॉप कंपनीचा, इंटरनेट स्वतःचं. उत्तर सगळं मनासारखं नव्हतं. आठवड्यातून दोन दिवस अंबडला हजर राहायचं तर अक्कलकुव्यातून काम करता येणार नाही, नाशिकला खोली घ्यावीच लागणार, हे त्यात उघड होतं. पण खोलीचं भाडं, दोन वेळचा डबा आणि घरी पाठवायची रक्कम मांडून बघायला आता आकडे होते. काकाने ते कागदावर मांडले, ऊसतोडीच्या हिशेबासारखेच, डाव्या बाजूला येणं आणि उजव्या बाजूला जाणं. सोळावर जमत नव्हतं, अठरावर जेमतेम जमत होतं. मग त्याने ‘अठरा निश्चित होत असतील तर मी मुलाखतीला येतो’ असं लिहिलं. मुलाखत व्हिडिओवर झाली.

नियुक्तिपत्राचा मसुदा आला त्यात कामाच्या ठिकाणापुढे लिहिलेलं होतं, ‘नाशिक, किंवा कंपनी वेळोवेळी ठरवेल ते अन्य कोणतेही ठिकाण’. हे वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात असतं आणि ते सहसा कोणी काढत नाही. घरून कामाचा पत्रात उल्लेखच नव्हता. व्हॉट्सअॅपवरचं उत्तर त्याने जपून ठेवलं होतं, ते जोडून ईमेल केलं : पत्रात बदल शक्य नसेल तर पहिलं वर्ष अंबड आणि दोन महिन्यांनंतर तीन दिवस घरून, एवढं ईमेलवर कळवावं. दोन ओळींचं उत्तर आलं, खाली मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्याचं नाव आणि कंपनीचा ईमेल पत्ता. त्याची छापील प्रत काढून त्याने ती पत्राला टाचून ठेवली आणि महिन्याच्या एक तारखेला तो अंबडला रुजू झाला.